अ‍ॅनिमेशन क्लबसाठी मुख्याध्यापकांना लिहिलेलं दुसरं पत्र

पहिलं पत्र तीन पानांचं होतं. अ‍ॅनिमेशनमुळे मुलांची कल्पनाशक्ती कशी फुलते यावर दीड पान, मग दहा ड्रॉइंग टॅबलेट आणि एका महागड्या सॉफ्टवेअरची मागणी, आणि शेवटी ‘गणित व भाषेतील गुण वाढतील’ असं ठोकून दिलेलं वाक्य. मुख्याध्यापक बाईंनी ते वाचून चारच प्रश्न विचारले: “खोली कोणती? किल्ली कोणाकडे? मोबाइलला बंदी आहे, मग फोटो कशावर काढणार? आणि गुण वाढले हे मला कसं दाखवणार?” माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. मी चित्रकला शिकवते, असली पत्रं लिहायची सवय नव्हती. शाळा सुटल्यानंतरचा असा क्लब तुम्हालाही सुरू करायचा असेल, तर दुसरं पत्र कसं घडलं ते उपयोगी पडेल.

आधी एक निवड केली: संगणकावरचं अ‍ॅनिमेशन नाही, स्टॉप मोशन. मातीची किंवा कागदाची आकृती थोडी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. ड्रॉइंग टॅबलेट त्या क्षणी यादीतून गेले. संगणक कक्षात शाळेचे दोन जुने टॅबलेट पडून होते, त्यांचा कॅमेरा पुरेसा होता. त्यामुळे मोबाइलचा प्रश्नही मिटला. फोटो जोडून हलतं चित्र दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात. अ‍ॅप निवडताना एवढंच पाहा की आधीचा फोटो नव्या दृश्यावर पुसट दिसतो का. या सोयीला ओनियन स्किन म्हणतात. आकृती नेमकी किती सरकली हे मुलांना त्यामुळे कळतं.

मग हिशेब मांडला, आणि अख्खं पत्र त्याच्यावरच उभं राहिलं. वीस मुलं, चौघांचा एक असे पाच गट. सेकंदाला १२ फोटो धरले की हालचाल बऱ्यापैकी सलग दिसते. प्रत्येक गटाची फिल्म १५ सेकंदांची, म्हणजे १८० फोटो. ऐकायला थोडे वाटतात, पण सवा तासाच्या बैठकीत मांडामांड धरून मुलांचे साधारण ६० फोटो होतात. सुरुवातीला तर तेवढेही होत नाहीत. म्हणजे एका गटाला तीन बैठका, पाच गटांना पंधरा. चित्रीकरणाची टेबलं दोन असतील, तर आठवड्याला एक बैठक धरून आठ आठवडे लागतात. आधी चार आठवडे गोष्ट, चित्रपट्टी म्हणजे दृश्यांची क्रमवार रेखाटनं, आणि आकृत्यांसाठी, शेवटी दोन आवाज आणि जोडणीसाठी. एकूण चौदा. परीक्षेच्या आत बसतं की नाही ते बाईंना एका नजरेत दिसलं. तिसरं टेबल घेतलं असतं तर चित्रीकरण पाच आठवड्यांत आटोपलं असतं, पण तीन टेबलांकडे मी एकटी लक्ष देऊ शकले नसते, आणि ते मी पत्रात तसंच लिहिलं. चित्रीकरण दोन गटांचं चालू असताना बाकीचे तीन गट पार्श्वभूमी रंगवतात, आकृत्या दुरुस्त करतात, आवाजांची जुळवाजुळव करतात.

आता यातली खरी मेख. एका बैठकीत काम संपलं नाही तर मांडलेला सेट उचलून कपाटात ठेवावा लागतो. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा मांडताना टॅबलेट दोन बोटं जरी इकडेतिकडे झाला, तरी पडद्यावर सगळं दृश्य टुणकन उडी मारतं. वर्ग रोज दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर सेट तसाच ठेवणं शक्यच नसतं. म्हणून नियम केला: एक बैठक, एक शॉट. १५ सेकंदांची फिल्म पाच-पाच सेकंदांच्या तीन शॉटमध्ये लिहायची, आणि प्रत्येक शॉटला कॅमेऱ्याची जागा मुद्दाम बदलायची. पुढच्या वेळी कॅमेरा हललेलाच असणार आहे, तर ती अडचण गोष्टीतच मुरवायची. ६० फोटोंत न मावणारा शॉट चित्रपट्टीच्या टप्प्यावरच कापायचा. मुलं कुरकुरतात, कारण त्यांना एका दमात लढाई, पूर आणि लग्न दाखवायचं असतं.

पत्रातल्या साहित्याच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे कारण लिहिलं, आणि शाळेकडे काय आहे आणि काय विकत घ्यायचं हे वेगळं केलं. तो भाग असा होता:

“शाळेत उपलब्ध: दोन टॅबलेट, दोन टेबलं, एक संगणक, कुलपाचं कपाट.

विकत घ्यायचे: टॅबलेट घट्ट धरणारे दोन स्टँड. हातात धरल्यास प्रत्येक फोटो हलतो.

एलईडीचे चार टेबल लॅम्प. साधे बल्ब तापतात आणि मॉडेलिंगची माती मऊ पडून आकृती वाकते.

दोन ब्लूटूथ बटणं. पडद्याला बोट लावल्यास टॅबलेट किंचित सरकतो.

खिडकीसाठी जाड काळं कापड. तेलयुक्त माती, म्हणजे न वाळणारी. चिकटपट्टी.”

काळ्या कापडावर बाईंनी बोट ठेवलं. “हे कशाला? उजेड चांगलाच की.” उजेड चांगला, पण तो बदलतो. ढग आला, ऊन उतरलं, की काही फोटो उजळ आणि काही काळपट येतात आणि फिल्म लुकलुकते. यालाच फ्लिकर म्हणतात. खिडकी झाकली तरी ते पूर्ण थांबत नाही, कारण कॅमेरा आपणहून उजेड जुळवत राहतो. अ‍ॅपमध्ये एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची छटा, दोन्ही लॉक करावे लागतात. एवढं करूनही लुकलुकलं तर टेबलाशी उभ्या मुलांचे शर्ट बघा. पांढरा शर्ट पुढे-मागे झाला की दृश्यावरचा उजेड बदलतो. आमच्याकडे फोटोच्या क्षणी सगळे एक पाऊल मागे जातात.

अपेक्षित निष्पत्तीचा भाग लिहायला सगळ्यात वेळ लागला. ‘गुण वाढतील’ खोडलं. त्याऐवजी, चौदा आठवड्यांनी बाई टेबलावर मागू शकतील तेवढंच लिहिलं. पाच पूर्ण फिल्म. प्रत्येक मुलाच्या हातची एका शॉटची नोंदपट्टी, म्हणजे कितव्या फोटोला काय किती हललं याचा तक्ता. आणि एक छोटी चाचणी: चेंडूला एका सेकंदात २४ सेंटीमीटर न्यायचं आहे, तर पावलं कशी पाडशील? बारा पावलं, प्रत्येकी २ सेंटीमीटर, हे उत्तर बरोबर आहे. पण तसा चेंडू सरकत्या पट्ट्यावर ठेवल्यासारखा निर्जीव दिसतो. सुरुवातीला आणि शेवटी पावलं लहान, मधे मोठी, पण बेरीज २४च, हे मुलाने करून दाखवलं तर ते शिकलं असं मी धरणार होते. गणिताच्या सरांनी हा प्रश्न वाचून “हा माझ्याही वर्गात चालेल” म्हटलं, आणि बाईंपुढे ते वाक्य माझ्या पानभर मजकुरापेक्षा जास्त कामाला आलं.

आणखी दोन ओळी सोडू नका. मुलांचे चेहरे किंवा आवाज फिल्ममध्ये येणार असतील तर पालकांची लेखी संमती, आणि फिल्म शाळेबाहेर कुठेही टाकणार नाही असा स्पष्ट उल्लेख. शिवाय तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी क्लब बंद राहील की दुसरं कोणी बघेल, हेही लिहा.

दुसरं पत्र एका पानाचं झालं. सोबत पाच सेकंदांचा नमुना दाखवला: बाईंच्याच टेबलावरचं डस्टर फळ्याकडे चालत जातं. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि पत्राच्या समासात लिहिलं, “मंजूर. स्टँड दोनच, लॅम्प चार. किल्ली शिपाईकाकांकडून सही करून घ्यावी आणि साडेपाचच्या आत परत करावी.”