टेलिंगमध्ये तांबं जातंय? झॅन्थेट वाढवण्याआधी या चुका टाळा

टेलिंगच्या, म्हणजे तांबं काढून घेतल्यावर उरलेल्या टाकाऊ मालाच्या रिपोर्टमध्ये तांबं जास्त दिसलं की पहिला हात झॅन्थेट या रसायनाच्या बाटलीकडे जातो. तो आधी चाळणीकडे जायला हवा.

नागपुरात भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे, हिंगण्याला खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळा आहे आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे. इथे मेटलर्जी शिकणाऱ्याची फ्लोटेशनशी, म्हणजे बुडबुड्यांवर खनिज तरंगवून वेगळं करण्याशी गाठ पडतेच, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

एक टक्का तांब्याच्या दगडात चाल्कोपायराइटचे बारीक कण क्वार्ट्झमध्ये अडकलेले असतात. शुद्ध चाल्कोपायराइटमध्ये सुमारे ३४.६ टक्के तांबं असतं, त्यामुळे दगड बाजूला काढला की भट्टीला चालेल असं २०-२५ टक्क्यांचं कॉन्सन्ट्रेट मिळू शकतं. क्रशर आणि बॉल मिल हे कण मोकळे करतात. झॅन्थेट त्यांच्यावर चिकटतं, ते पाण्याला नकोसे होतात आणि हवेच्या बुडबुड्याला धरून वर येतात. पण कण क्वार्ट्झमध्येच दडलेला असेल तर झॅन्थेट चिकटणार कशाला?

समजा फीड, म्हणजे आत जाणारा दगड १ टक्का, कॉन्सन्ट्रेट २५ टक्के आणि टेलिंग ०.२ टक्के आहे. म्हणजे तांब्याची रिकव्हरी जेमतेम ८१ टक्के. आता टेलिंग १५० आणि ७५ मायक्रॉनच्या चाळण्यांवर ओलंच चाळा आणि प्रत्येक भागाचं तांबं वेगळं तपासा. १५० वर राहिलेला माल वजनाने २० टक्के आणि त्यात तांबं ०.६ टक्के, बाकी ८० टक्के मालात फक्त ०.१ टक्का, असं निघालं तर वाया गेलेल्या तांब्यातलं ६० टक्के त्या जाड मालात आहे. इथे दळण कमी पडलंय. मिलची वेळ थोडी वाढवून पुन्हा टेस्ट घ्या. टेलिंग ०.१ वर आलं तर रिकव्हरी ९० टक्क्यांवर जाते.

मात्र दळत सुटू नका. तांबं १० मायक्रॉनखालच्या गाळात सापडलं तर उलट दुखणं आहे. इतका बारीक कण बुडबुड्याला नीट धडकतच नाही, आणि बारीक माती फेसाबरोबर वर येऊन ग्रेड पाडते ती वेगळीच.

ग्रेडच पडत असेल, म्हणजे कॉन्सन्ट्रेट २५ ऐवजी १५ टक्के येत असेल, तर ते वाळवून भिंगाखाली बघा. फिकट पितळी पायराइट भरपूर दिसलं तर त्याला खाली दाबून ठेवणारा चुना कमी पडला आहे. चुना मिलमध्येच घाला, पीएच १०.५ ते ११ ठेवा आणि झॅन्थेट त्यानंतरच टाका.

झॅन्थेटचं द्रावण मात्र रोज ताजं करा. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात ते लवकर विघटित होतं. शिळ्या द्रावणाने घेतलेल्या टेस्टवरून डोस ठरवू नका.