फवारणी पंपाच्या बॅटरीचा अंतर्गत रोध: दोन लोड, दोन रीडिंग

कपाशी-सोयाबीनची फवारणी सुरू झाली की जालना-बीडकडच्या दुरुस्तीच्या दुकानात एक तक्रार हमखास येते: रात्रभर चार्ज केलेली बॅटरी मीटरवर 12.7 व्होल्ट दाखवते, पण पंप पाठीवर घेतला की प्रेशर येत नाही. पंपात बहुधा 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तासांची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. दोष तिच्या अंतर्गत रोधात असेल, तर तो रिकाम्या व्होल्टेजमध्ये दिसत नाही, कारण करंटच वाहत नसेल तर रोधावर व्होल्टेज पडणार कसं? म्हणून बॅटरीवर लोड टाकून मोजायचं, आणि तेही एक नाही, दोन.

लोड म्हणून मोटरसायकल-जीपच्या हेडलाइटचा 12 व्होल्ट, 60/55 वॅटचा एच-4 हॅलोजन बल्ब उत्तम. त्यात दोन फिलामेंट असतात आणि तीन पिनांपैकी एक दोन्हींना सामाईक असते. एक फिलामेंट पेटवलं की हलका लोड, दोन्ही पेटवली की जड. वायरीत 15 अँपिअरचा फ्यूज घाला. एक मल्टिमीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर लोडच्या सिरीजमध्ये आणि दुसरा व्होल्टेजसाठी. बऱ्याच मीटरांचं हे सॉकेट इतका करंट काही सेकंदच सोसतं, शिवाय बल्बही भयंकर तापतो, म्हणून एका खेपेला दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका.

बॅटरी पूर्ण चार्ज करून, चार्जर काढून रात्रभर तशीच ठेवा. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीचं व्होल्टेज खोटं वर असतं आणि हळूहळू उतरत राहतं. मग हलका लोड टाका, पाचव्या सेकंदाला व्होल्टेज आणि करंट दोन्ही लिहा. मिनिटभर थांबून जड लोडचंही तसंच. शेवटी हलका लोड पुन्हा. पहिल्या आणि तिसऱ्या रीडिंगमध्ये 0.01 व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला, तर बॅटरी अजून स्थिरावलेली नाही. थोड्या वेळाने पुन्हा मोजा.

समजा एका बऱ्या बॅटरीवर 4.5 अँपिअरला 12.41 व्होल्ट आणि 9.2 अँपिअरला 12.24 व्होल्ट आले.

```
r = (V1 - V2) / (I2 - I1)
  = (12.41 - 12.24) / (9.2 - 4.5)
  = 0.17 / 4.7 = 0.036 ओहम
```

आता शेजारची तक्रारवाली बॅटरी घ्या: 4.4 अँपिअरला 12.05, 8.9 अँपिअरला 11.45. म्हणजे 0.60 भागिले 4.5, 0.133 ओहम. जवळजवळ पावणेचार पट. रिकामं व्होल्टेज मात्र दोघींचं 12.7 च्या आसपास.

नवख्यांना वाटतं, रिकामं व्होल्टेज आणि एक लोड एवढंही पुरेल. बऱ्या बॅटरीवर करून बघू. रिकामं 12.78 धरलं तर (12.78 − 12.24) / 9.2, उत्तर 0.059 ओहम. तीच बॅटरी, रोध दीडपटीहून जास्त! लेड-ॲसिडमध्ये करंट सुरू होताच प्लेटांवरच्या रासायनिक क्रियेमुळे थोडं व्होल्टेज लगेच पडतं, आणि ते करंटच्या प्रमाणात वाढत नाही. दोन्ही लोडमध्ये हा भाग जवळपास सारखाच असतो, म्हणून वजाबाकीत बराचसा निघून जातो. दोन लोडची मेहनत घ्यायची ती यासाठीच.

सगळ्यात जास्त फसवतात त्या मगरक्लिपा. व्होल्टमीटरच्या टोच्या क्लिपांवर नाही, थेट बॅटरीच्या टर्मिनलच्या पत्तीवर टेकवा. क्लिप आणि पत्तीमधला गंजका सांधा नुसता 0.02 ओहमचा असला, तरी 9.2 अँपिअरला तिथे 0.18 व्होल्ट पडतात. आपण मोजतोय तो फरकच 0.17 आहे! ओळखायची खूण सोपी: एक टोची पत्तीवर आणि दुसरी त्याच टोकाच्या क्लिपवर ठेवून लोड टाका. मीटरने काही दाखवलं, तर तेवढं क्लिपेचं.

करंट मात्र मोजलाच पाहिजे. थंड फिलामेंटचा रोध ओहम रेंजवर मोजून त्यावरून करंट काढू नका. पेटलेल्या फिलामेंटच्या तुलनेत तो दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो आणि उत्तर भलतंच येतं.

मीटर 0.01 व्होल्टपर्यंतच दाखवत असेल, तर 0.17 च्या फरकात एक-दोन शतांशांची चूक धरा. म्हणजे 0.036 म्हणताना 0.032 ते 0.040 असं समजा. थंडीत रोध वाढतो. मे महिन्यातल्या रीडिंगशी डिसेंबरची तुलना करू नका. आणि बॅटरी टेस्टरवर रोध बहुधा कमी येतो, कारण तो बहुतेक वेळा 1000 हर्ट्झच्या एसीवर मोजतो. दोन्ही आकडे बरोबर असतात, पण एका वहीत एकाच पद्धतीचे लिहा.