फोटोतला पाय चार्ट तपासताय? या चुका टाळा

शाळेच्या पुस्तकात त्याला वृत्तालेख म्हणतात, गावाच्या फ्लेक्सवर आणि व्हॉट्सॲपवर पाय चार्ट. नाव काहीही असो, गेली काही वर्षं माझ्याकडे त्याचे फोटो येतात आणि सोबत एकच प्रश्न येतो: "सर, हे आकडे खरे आहेत का बघा ना." पाठवणाऱ्याने स्वतः आधी तपासलेलं असतं, आणि दर वेळी त्याच दोन-तीन ठिकाणी तो घसरलेला असतो. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

बेरीज १०० आली की काम संपलं असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे. इथे दोन वेगळ्या गोष्टी तपासायच्या असतात. एक म्हणजे लिहिलेल्या टक्क्यांची बेरीज. दुसरी म्हणजे काढलेली प्रत्येक पाकळी तिच्यावर लिहिलेल्या टक्क्याएवढी आहे का. लोक पहिली करतात आणि थांबतात. काही जण कोनमापक घेऊन पाकळ्या मोजतात, पण शेवटी कोनांची बेरीज ३६० आली की खूश होतात. अहो, एका बिंदूभोवतीच्या कोनांची बेरीज ३६० येणारच. चार्ट बरोबर असो की चुकीचा, फोटो सरळ असो की तिरका, ती तेवढीच येणार. त्यातून फक्त तुम्ही कोनमापक नीट धरलंत एवढंच कळतं.

एक टक्का म्हणजे ३.६ अंश. लिहिलेला टक्का गुणिले ३.६ करा आणि तो कोन त्याच पाकळीच्या मोजलेल्या कोनाशेजारी लिहा. ताडून बघायची ती ही जोडी.

तिरक्या फोटोवर थेट कोनमापक ठेवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि तिच्यापायी एका चांगल्या पोराला चारचौघांत खाली बघावं लागलं. म्हणून ती सविस्तर सांगतो.

परभणीकडच्या एका गावात ग्रामसभेला खरिपाच्या पेऱ्याचा फ्लेक्स लावला होता. एकूण ६०० हेक्टर. सोयाबीन ५० टक्के, कापूस २०, तूर १५, मूग-उडीद १०, इतर ५. गावातल्याच एका तरुणाने तो तयार केला होता. मंडपात मागे एका कडेला बसलेल्या कुणीतरी मोबाईलवर झूम करून फोटो काढला आणि मला पाठवला. "तूर कापसापेक्षा जास्त दिसते, आणि लिहिलंय उलटं," असा त्याचा आक्षेप होता.

मी फोटोची प्रिंट काढली आणि मोजलं. सोयाबीन १८० अंश, म्हणजे बरोबर निम्मं. कापूस ६४ अंश, म्हणजे १७.८ टक्के. तूर ७३.५ अंश, म्हणजे २०.४ टक्के. मूग-उडीद ८.५ आणि इतर ३.३. बेरीज बरोबर १००. सोयाबीन नेमकं अर्धं आलं म्हणून माझं मोजमाप पक्कं आहे असं मी धरून चाललो आणि कळवलं की फ्लेक्सवर तूर आणि कापूस यांचा घोळ आहे. तो निरोप पुढे ग्रामसभेच्या ग्रुपवर गेला. त्या मुलाला जाब विचारला गेला.

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्याकडे आला. कापूस १२० हेक्टर, तूर ९०. आकडे स्वच्छ होते. मग मी त्याच्याबरोबर गावात गेलो, फ्लेक्ससमोर उभा राहिलो आणि कोनमापक लावलं. कापूस ७२ अंश, तूर ५४. चार्ट तंतोतंत बरोबर होता. मी त्याच ग्रुपवर माफी मागितली. पण आधीचा निरोप जितक्या लोकांनी वाचला होता, तितक्यांनी माफी वाचली नाही.

झालं होतं ते असं. कडेने फोटो काढला की वर्तुळाची रुंदी दबते, उंची तशीच राहते. माझ्या प्रिंटवर ते लंबवर्तुळ होतं, रुंदी १० सेंटीमीटर आणि उंची १५. वर्तुळ ज्या दिशेने दबतं, त्या दिशेला तोंड करून असलेल्या पाकळ्यांचे कोन फुगतात आणि लांबट दिशेच्या पाकळ्यांचे कोन आकसतात. तूर बरोबर डाव्या बाजूला आडवी पडली होती, म्हणून ५४ ची ७३.५ झाली. कापूस खालच्या अंगाला होता, तो ७२ वरून ६४ वर आला. आणि सोयाबीन? त्याची सीमा म्हणजे मध्यातून जाणारी एक सरळ रेषा. सरळ रेषा कुठल्याही बाजूने फोटो काढला तरी सरळच राहते, म्हणून ५० टक्क्यांची पाकळी फोटोत नेहमी निम्मा कोन दाखवते. ज्या एका पाकळीवर मी विसंबलो, ती चूक दाखवूच शकत नव्हती.

म्हणून आता माझा पहिला नियम एकच आहे. कोनमापक हातात घेण्याआधी पट्टी घ्यायची. वर्तुळाची रुंदी आणि उंची मोजायची. वर्तुळ तिरपं दबलेलं वाटलं तर कर्णाच्या दिशेनेही मोजायचं. सगळीकडे सारखं भरलं तरच पुढे जायचं.

नाही भरलं, तर आधी फ्लेक्सची किंवा कागदाची चौकट बघा. समोरासमोरच्या कडा जवळजवळ सारख्या लांबीच्या असतील, तर फोटो लांबून काढलेला आहे आणि नुसतं ताणून भागतं. मोबाईलच्या कुठल्याही फोटो एडिटरमध्ये रुंदी-उंचीचं प्रमाण बांधून ठेवणारं कुलूप काढा आणि रुंदी उंचीइतकी होईपर्यंत ओढा. ताणायचं नसेल तर गणिताने करा. दबलेली बाजू रुंदीची असेल, तर कोन उभ्या रेषेपासून, म्हणजे घड्याळातल्या १२ किंवा ६ पासून, जो जवळ असेल त्याच्यापासून मोजा आणि एक्सेलसारख्या शीटमध्ये हे लिहा:

```
=DEGREES(ATAN(TAN(RADIANS(64))*15/10))
```

६४ हा फोटोतला कोन, १५ उंची, १० रुंदी. उत्तर ७२ येतं, म्हणजे आपला कापूस. तुरीची वरची सीमा १२ पासून ४२.५ अंशांवर होती, ती सुधारून ५४ वर जाते. तुरीची खालची सीमा ६ पासून ७२ वर आहे. म्हणून तूर १८० वजा ७२ वजा ५४, म्हणजे ५४ अंश, १५ टक्के.

फोटो जवळून काढलेला असेल, तर चौकटीची एक कड ठसठशीत मोठी आणि समोरची लहान दिसते. तिथे हे सूत्र चालत नाही. मोबाईलच्या स्कॅन सोयीने चौकटीचे चारही कोपरे हाताने नेमके पकडा आणि चित्र सरळ करून घ्या. इथे घाई करणारे एक पायरी गाळतात. स्कॅन केलं की चौकट चौकोनी दिसते आणि त्यांना वाटतं झालं. पण मूळ कागद किती लांब, किती रुंद हे स्कॅनला नक्की ठाऊक नसतं, ते अंदाजाने प्रमाण बसवतं. म्हणून स्कॅननंतर पुन्हा पट्टी. वर्तुळ थोडं दबलेलं असेल तर वरच्यासारखं ताणायचं. फोटोत चौकटच आली नसेल तर मी तपासत नाही, नवा फोटो मागतो.

कोन मोजताना टोक कुठे ठेवायचं? पाकळ्यांच्या रेषा जिथे मिळतात तिथे. लंबवर्तुळाचा मध्य शोधत बसू नका. जवळून काढलेल्या फोटोत तो आणि खरा केंद्रबिंदू एक नसतात.

माझी स्वतःची सवय दोऱ्याची आहे. सरळ केलेलं चित्र १५ सेंटीमीटर व्यासाचं छापतो. घेर ४७.१ सेंटीमीटर येतो, म्हणजे एक टक्का ४.७ मिलिमीटर. प्रत्येक पाकळीच्या कडेने शिवणाचा दोरा बसवायचा आणि पट्टीवर ठेवायचा. तुरीला ७.१ सेंटीमीटर दोरा लागला पाहिजे, कापसाला ९.४. मध्ये भोक असलेल्या कंकणासारख्या चार्टला रेषा मिळतच नाहीत, तिथेही दोरा कामाला येतो.

९९ आले म्हणून आरडाओरडा, १३४ आले तरी गप्प

तीन सारखे वाटे असतील तर ३३, ३३, ३३ लिहिले जातात आणि बेरीज ९९ येते. पूर्णांकात लिहिलं की प्रत्येक पाकळीत जास्तीत जास्त अर्धा टक्का इकडेतिकडे होतो. पाच पाकळ्यांत ९८ ते १०२ पर्यंत बेरीज केवळ यामुळे येऊ शकते. त्यावरून कुणाला खोटं ठरवू नका.

उलट, "पाणी कुठून आणता?" अशा प्रश्नाचा चार्ट बघा. टँकर ६०, नळ ४२, विहीर २०, हातपंप १२. बेरीज १३४. एकेका घराने दोन-दोन उत्तरं दिली आहेत. आकडे खरे असतील, पण त्यांचा पाय चार्ट होतच नाही, तिथे स्तंभालेख हवा. कॉम्प्युटर मात्र तक्रार करत नाही. तो १३४ लाच पूर्ण वर्तुळ धरतो आणि टँकरला १६१ अंश देतो. पाकळीवर ६० लिहिलेलं आणि पाकळी अर्ध्या वर्तुळापेक्षा लहान! हे डोळ्यांनीही पकडता येतं.

फरक सापडला, पण कसला फरक ते पाहिलंच नाही

मोजलेला टक्का भागिले लिहिलेला टक्का, असं प्रत्येक पाकळीसाठी करा. सगळीकडे एकच भागाकार आला, जसा वरच्या टँकरच्या चार्टमध्ये सगळीकडे ०.७५ च्या आसपास येतो, तर बेरजेचा पाया चुकलेला आहे. दोनच पाकळ्या चुकल्या आणि एकीचा आकडा दुसरीला चपखल बसला, तर नावं किंवा रंग अदलाबदल झाले आहेत. तिरक्या फोटोत मात्र आमनेसामनेच्या पाकळ्या एकत्र फुगतात आणि त्यांच्या काटकोनातल्या आकसतात. असं चित्र दिसलं की चार्टवर नाही, फोटोवर संशय घ्या.

बाकीचं थोडक्यात. जाडी दाखवलेला, आडवा झोपवलेला चार्ट कोनाने तपासू नका, तो आधीच दबलेला असतो आणि पुढच्या पाकळीला जाडीही चिकटते. बाहेर ओढून ठेवलेल्या पाकळीचा कोन तिच्या स्वतःच्या टोकापासून मोजा. पुसट फोटोत १ आणि ९ सारखे दिसतात. असा न लागणारा आकडा १०० मधून बाकीचे वजा करून भरायचा आणि मग "बेरीज १०० येते" म्हणायचं, हे तर बिलकूल करू नका. ३ टक्क्यांची पाकळी जेमतेम ११ अंशांची असते, तिच्या कडेची जाड रेषाच अंश-दोन अंश खाते. दोन टक्क्यांच्या आतल्या फरकावर मी कुणाला काही विचारत नाही. त्याच्या वर गेला, तर दोनदा मोजतो आणि आधी मूळ वही मागतो.

त्या गावचा तो मुलगा आता फ्लेक्स छापतानाच पाकळीवर टक्क्याबरोबर हेक्टरही लिहितो, आणि फोटो स्वतः समोर उभा राहून, चारही कोपरे आत घेऊन काढतो.