रात्रपाळीवरून परतताना शहराचा व्हिडिओ कसा काढावा (पट्ट्या न येऊ देता)

माझी पाळी संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. ऐरोलीत बसून आम्ही अमेरिकेतल्या एका बँकेची कागदपत्रं तपासतो. कॅब सगळ्यांना सोडत सोडत येते, मी शेवटचा. ठाण्यात स्टेशन रोडला उतरतो आणि तिथून खारकर आळीपर्यंत चालत जातो. या चालण्यात मी अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ काढतो. ते आता बरेच लोक बघतात. पण पहिले अकरा व्हिडिओ बायको आणि भाऊ सोडून कुणी शेवटपर्यंत पाहिले नाहीत, आणि तेव्हा चूक लोकांची नव्हती.

फोन साधा चालेल, फक्त कॅमेऱ्यात ‘प्रो’ व्हिडिओची सोय हवी. ती नसेल तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो ते, हाताने लावता येईल असं कुठलंही कॅमेरा अ‍ॅप टाका. गिंबल, लाइट, माइक यातलं काहीही विकत घेऊ नका.

एकच ठिकाण धरा. मी सुरुवातीला दिसेल ते टिपायचो: तलावपाळीवरचं रिकामं बाकडं, जांभळी नाक्यावर उतरणारी भाजी, रिक्षात झोपलेला माणूस. तिन्ही एकाच व्हिडिओत, त्यावर कुठलंतरी गाणं. कोण कशाला बघेल? मग एके रात्री स्टेशनबाहेर पेपरवाले बसतात तिथे थांबलो. गठ्ठे उतरलेले असतात, फुटपाथवर पोती अंथरून चार-पाच जण पुरवण्या घालत बसतात. एक हात मुख्य अंक उघडतो, दुसरा पुरवणी सरकवतो, आणि नजर भलतीकडेच असते. मी तेवढंच काढायचं ठरवलं. हात, कागद, आवाज.

आधी विचारा. “काका, फक्त हात घेतो, चेहरा नाही. चालेल ना?” बहुतेक जण हो म्हणतात, नाही म्हणाले तर पुढे चालू लागा. झोपलेल्या माणसाला विचारता येत नाही, म्हणून झोपलेल्या माणसाचा व्हिडिओ काढायचा नाही. स्टेशनच्या आत कॅमेरा लावून उभं राहू नका, तिथे परवानगीची भानगड आहे. आणि कॅबमधून सहकारी उतरताना, विशेषतः मुली उतरताना, फोन खिशात ठेवा. कोण किती वाजता कुठल्या इमारतीशी उतरतं, हे जगाला कळायची गरज नाही.

काच सुकू द्या. एसी ऑफिस आणि एसी कॅबमधून बाहेर दमट हवेत आलात की लेन्सवर वाफ धरते. पुसली तर पुन्हा धरते. दहा मिनिटं फोन हातात घेऊन चाला, मग एकदाच बनियनच्या टोकाने पुसा. बोटाचा तेलकट डाग राहिला तर प्रत्येक दिव्याला लांब शेपूट फुटतं.

आता उजेड. इथे मी दोन महिने घालवले, म्हणून इथे जरा सावकाश वाचा.

पेपरवाल्यांच्या डोक्यावर बंद दुकानाची ट्यूब असते. तिच्याखाली काढलेल्या माझ्या व्हिडिओत आडव्या काळसर पट्ट्या यायच्या आणि पाण्यासारख्या हळूहळू वर सरकायच्या. डोळ्याला काही दिसायचं नाही, फक्त व्हिडिओत. मला वाटलं फोन बिघडला. दुकानात दाखवला, त्यांनी डिस्प्ले बदलायला सांगितलं. (बदलला नाही, नशीब.) मग मी इंटरनेटवरचा सल्ला ऐकला. तो सगळीकडे एकच आहे: शटर फ्रेमच्या दुप्पट ठेवा, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम असतील तर शटर १/६०. ठेवलं. पट्ट्या फिकट झाल्या, पण गेल्या नाहीत.

कारण ३० फ्रेम आणि १/६० ही जोडी अमेरिकेच्या विजेला जुळते. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो आणि प्रत्येक वेळी दिवा दोनदा उजळतो. म्हणजे ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. फोन चित्र एका झटक्यात घेत नाही, वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचत जातो. शटर १/५० असेल तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला बरोबर दोन उजेड येतात, सगळ्या ओळी सारख्या. १/६० ठेवलं की वाट्याला येतो एक उजेड आणि वर अर्ध्याहून थोडा जास्त. हा उरलेला तुकडा कुठल्या ओळीला भर उजेडातला मिळतो, कुठल्या ओळीला मंद उजेडातला. तीच पट्टी. माझी नोकरी अमेरिकेच्या घड्याळावर चालते, पण दुकानाची ट्यूब महावितरणच्या विजेवर जळते, हे लक्षात यायला मला दोन महिने लागले!

तेव्हा शटर १/५०. फ्रेम २५ ठेवा की ३०, त्याने इथे फरक पडत नाही. १/१०० वरही पट्ट्या येत नाहीत, पण उजेड निम्मा होतो आणि रात्री तो परवडत नाही. काही फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ५० आणि ६० हर्ट्झची निवड असते, तिथे ५० निवडा.

शटर एकदा ठरलं की फोनमध्ये उजेड कमी-जास्त करायला एकच गोष्ट उरते, आयएसओ. फोनच्या लेन्सचं भोक सहसा लहान-मोठं होत नाही. आयएसओ वाढवलं की चित्र उजळतं आणि दाणे येतात. माझ्या फोनवर ८०० पर्यंत ठीक, १६०० ला काळा रंग उकडलेल्या साबुदाण्यासारखा दिसतो. तुमच्या फोनची हद्द एका रात्रीत कळेल: एकच दृश्य ४००, ८०० आणि १६०० वर काढा आणि फोनवर नाही, घरच्या टीव्हीवर बघा. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवण्याआधी स्वतः दिव्याच्या बाजूला सरका. झूम करू नका आणि ०.५ वाली रुंद लेन्स रात्री वापरू नका, ती बहुतेक फोनमध्ये मुख्य लेन्सपेक्षा कमी उजेड घेते. आणि ‘नाइट मोड’ सहसा फोटोंसाठी असतो. तो मोड स्थिर दृश्यावर दोन-तीन सेकंद थांबून उजेड गोळा करतो, हलत्या हातांच्या व्हिडिओत ते शक्यच नाही.

अंधार काळा राहू द्या. हे मला पटायला सगळ्यात जड गेलं. फोन स्वतःच्या मर्जीवर सोडला तर तो अंधाऱ्या रस्त्याला राखाडी करतो आणि ट्यूबचा पांढरा गोळा करून टाकतो. कागदावरची अक्षरं त्या गोळ्यात विरघळतात. मी आता उजेडातल्या कागदावर बोट दाबून ठेवतो, फोकस तिथे कुलूपबंद करतो आणि कागदावर मथळा वाचता येईल इतकंच आयएसओ ठेवतो. मागचा रस्ता दिसला नाही तरी चालतं. पहाटे चारला तो तसाही दिसत नाही. रंगाचा तोल, म्हणजे व्हाइट बॅलन्सही हाताने लावा, साधारण ४००० केल्विनवर. नाहीतर पिवळ्या दिव्याची रिक्षा शेजारून गेली की सगळा पेपर निळा पडतो.

तरीही चित्र बिघडलं तर नेमकं काय बिघडलंय ते ओळखायला शिका. पट्ट्या सरकत असतील तर शटर चुकलंय. पट्ट्या नाहीत, पण सगळं चित्र एकदम उजळतं आणि मंदावतं, तर उजेडाचं कुलूप लागलेलं नाही. फक्त दुकानाच्या धावत्या अक्षरांच्या पाटीतली अर्धी अक्षरं गायब असतील तर दोष पाटीचा. ती तिच्याच गतीने लुकलुकते, आणि १/५० वरही काही पाट्या सुधारत नाहीत. अशी पाटी चौकटीबाहेर ठेवा. रिक्षाच्या जुन्या पिवळ्या बल्बवर पट्ट्या येत नाहीत, तो बॅटरीवर चालतो. त्यामुळे रिक्षाजवळ चाचणी करून समाधान मानू नका, ट्यूबखाली करा.

फोन ठेवून द्या. १/५० वर हात हलला की दिवे फरफटतात. फोन चौकट सरळ करतो, पण फरफट पुसत नाही, त्यामुळे दिवे थरथरल्यासारखे दिसतात. मी न सोडलेल्या गठ्ठ्यावर फोन टेकवतो, पेपरवाल्याला विचारून.

आवाज तसाच ठेवा, वर गाणं घालू नका.

कापताना सुरुवातीचं “चालू झालं का” उडवा. तीस सेकंद पुरे.

पहिला जमलेला व्हिडिओ काढला त्या रात्रीचं सांगतो. शटर १/५०, आयएसओ ६४०, फोन गठ्ठ्यावर, हातांपासून दोनेक फुटांवर. एका माणसाने अकरा अंकांत पुरवण्या घातल्या, बाराव्याला त्याला चहा आला. तिथे कापलं. घरी जाऊन झोपलो नाही, सहाला टाकला आणि मग झोपलो. ही वेळ मी तेव्हा ठरवून निवडली नव्हती, पण आता तीच ठेवतो. संध्याकाळी टाकलेला तसलाच व्हिडिओ कुणी बघत नाही. सकाळी बघतात, कारण तोच पेपर तेव्हा त्यांच्या हातात असतो. दुपारी उठलो तर नौपाड्यातल्या एका बाईंनी लिहिलं होतं, “मधलं पान नेहमी उलटं का लागतं ते आज कळलं.” त्याखाली भांडण लागलं होतं: उलटं लागतं की नाही. पाचपाखाडीवाले म्हणत होते आमच्याकडे सरळ येतं. संध्याकाळी कामावर जायच्या आधी ते भांडण माझ्या आधीच्या अकरा व्हिडिओंपेक्षा मोठं झालं होतं.

दुसऱ्या पहाटे ते पेपरवाल्याला वाचून दाखवलं. तो हसला नाही. एक अंक उचलून त्याने पुरवणी काढली, सावकाश पुन्हा घातली आणि म्हणाला, “डाव्या हाताचा माणूस आहे मी. त्यांना सांग.” मग पोरांना लाईनला धाडलं, पोती झटकली आणि मला म्हणाला, “शनिवारी रात्री ये. रविवारच्या अंकाला तीन-तीन पुरवण्या असतात. पण साडेतीनच्या आत ये.”

साडेतीनला माझी पाळी सुटते. त्या शनिवारी मी सुट्टी टाकली.