मिड-इयर डिस्काउंटिंग शिकताना माझी टर्मिनल व्हॅल्यू कुठे चुकली

व्हॅल्युएशनच्या कामाला लागून मला दोनच महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. पॅकेजिंगचं काम करणाऱ्या एका कंपनीचं डीसीएफ, म्हणजे पुढच्या वर्षांच्या कॅश फ्लोंवरून आजची किंमत काढायची शीट, माझ्याकडे होतं, सीनियर मॅडमनी शीट उघडली, डिस्काउंट फॅक्टरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "अगं, यांना एप्रिलमध्ये पैसे येत नाहीत का? सगळे एकतीस मार्चलाच येतात का?" मी सरळ १, २, ३, ४, ५ असे पिरियड घातले होते, कॉलेजात शिकलो तसेच, आणि त्याचा अर्थ खरंच तोच होतो की वर्षभर माल विकला जातोय, बिलं वसूल होतायत, पण आपण धरतोय की सगळी कॅश वर्षाच्या शेवटच्या दिवशी एकदम खात्यात पडली.

त्यांनी मला आधी कागदावर एक छोटा हिशेब करायला लावला, तो तुम्हीही एकदा हाताने करून बघा, कारण मिड-इयर का करतात हे त्यातच कळतं. समजा वर्षाला १२० लाख येतात, दर महिन्याच्या शेवटी १० लाख, आणि रेट १२ टक्के. वर्षअखेरीस सगळे आले असं धरलं तर आजची किंमत येते १०७.१ लाख. प्रत्येक महिन्याचा हप्ता वेगळा डिस्काउंट केला तर येते ११२.९ लाख. आणि सगळे पैसे बरोबर वर्षाच्या मध्यावर आले असं धरून ०.५ ने डिस्काउंट केलं तर ११३.४ लाख. म्हणजे मिड-इयर हा अंदाजच आहे, पण खऱ्याच्या अगदी जवळचा, बारा ओळी न करता एका ओळीत होणारा. एप्रिलचे पैसे मध्याच्या आधी येतात, फेब्रुवारीचे नंतर, आणि दोन्हीकडची ओढ जवळजवळ फिटते.

मग पिरियड होतात ०.५, १.५, २.५ असे. एक्सेलचं NPV फंक्शन मात्र कायम वर्षअखेरच धरतं, त्याला मध्य कळत नाही, म्हणून उत्तर अर्ध्या वर्षाने पुढे ओढावं लागतं:

```
=NPV(12%,B2:F2)*(1+12%)^0.5
```

१.१२ चं वर्गमूळ १.०५८३, म्हणजे १२ टक्क्यांना सगळ्या वर्षांची किंमत साधारण ५.८ टक्क्यांनी वाढते. रेट जितका जास्त तितका हा फरक मोठा.

इथपर्यंत मला पटलं आणि मी उत्साहाने सगळे पिरियड बदलले, पण टर्मिनल व्हॅल्यूला, म्हणजे पाचव्या वर्षानंतरच्या सगळ्या पैशांच्या एकत्रित किमतीला, हात लावला नाही, ती ५ नेच डिस्काउंट होत राहिली. मला वाटलं पाचव्या वर्षाच्या शेवटची किंमत आहे तर ५ च बरोबर. नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या शीटमध्ये मला नंतर हीच चूक दिसलीये, म्हणून आकडे सविस्तर देते.

पाच वर्षांचे कॅश फ्लो कोटीत १०, ११, १२, १३, १४ धरा, रेट १२ टक्के, पुढची कायमची वाढ ५ टक्के. सहाव्या वर्षाचा फ्लो १४.७, त्याला १२ वजा ५ म्हणजे ७ टक्क्यांनी भागलं की टर्मिनल व्हॅल्यू २१० कोटी. सगळं वर्षअखेर धरलं तर पाच वर्षांचे ४२.४ आणि टर्मिनलचे ११९.२, एकूण १६१.६ कोटी. माझ्या अर्धवट शीटमध्ये पाच वर्षांचे ४४.९ झाले, टर्मिनल ११९.२ च राहिलं, एकूण १६४.१. बरोबर उत्तर आहे १७१.०, कारण टर्मिनलही ४.५ ने डिस्काउंट होऊन १२६.१ व्हायला हवं होतं. जवळजवळ सात कोटींचा फरक, एका सेलमुळे!

का ४.५? तर वाढीच्या फॉर्म्युल्यातून येणारी किंमत ही पहिल्या फ्लोच्या बरोबर एक वर्ष आधीची असते, हा त्या फॉर्म्युल्याचा स्वभावच आहे. आणि सहाव्या वर्षाचे पैसे आपणच म्हणतोय की ५.५ ला येतात. त्यातून एक वर्ष वजा करा, ४.५. तुम्ही ५ घातलंत तर याच पद्धतीत पहिली पाच वर्षं पैसे वर्षभर येतात आणि सहाव्या वर्षापासून अचानक सगळे मार्चअखेरीलाच येऊ लागतात, असं शीट म्हणते.

पण टर्मिनल व्हॅल्यू मल्टिपलने काढली असेल, म्हणजे पाचव्या वर्षाचा एबिटा, व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, गुणिले आठ वगैरे, तर मात्र ५ च घ्यायचं. तिथे आपण म्हणतोय की पाचवं वर्ष संपलं त्या दिवशी कंपनी विकली आणि त्या दिवशी एकरकमी पैसे आले, तो व्यवहार काही वर्षभर पसरलेला नसतो. मी हे दोन्ही मिसळून बसायचे म्हणून आता एकच गोष्ट तपासते: वाढीचा फॉर्म्युला असेल तर टर्मिनलचा पिरियड शेवटच्या वर्षाच्या फ्लोच्या पिरियडइतकाच असला पाहिजे, मल्टिपल असेल तर त्याहून अर्धा जास्त. आणि २१० कोटींवरून मल्टिपल किती पडतो हे बघायचं असेल तर आधी २१० ला १.०५८३ ने गुणून २२२.२ करायचं, म्हणजे ती किंमत खरंच पाचव्या वर्षाच्या शेवटाला येते, मगच एबिटाने भागायचं. नाहीतर आपला मल्टिपल उगाच कमी दिसतो आणि बाजाराशी चुकीची तुलना होते.

व्हॅल्युएशन डेट वर्षाच्या मध्ये आली की पुन्हा गोंधळ होतो. समजा तारीख ३० सप्टेंबर २०२५ आहे आणि कंपनीचं वर्ष मार्चला संपतं. उरलेले सहा महिने म्हणजे ०.५ वर्ष, त्याचा मध्य ०.२५, आणि फ्लोही फक्त त्या सहा महिन्यांचाच घ्यायचा, अख्ख्या वर्षाचा नाही. पुढचं वर्ष ०.५ अधिक ०.५ म्हणजे १.०, मग २.०, ३.०. काहीजण XNPV वापरतात, ते तारखांवरून दिवस मोजतं म्हणून सोयीचं आहे, पण ते यादीतली पहिली तारीख शून्य धरतं. त्यामुळे पहिल्या ओळीत व्हॅल्युएशन डेट आणि रक्कम शून्य लिहायची, नाहीतर तुमचा पहिला फ्लो डिस्काउंटच होत नाही, आणि शीट काही एरर देत नाही, आकडा फक्त गुपचूप फुगतो.

आता हे कुठे लावू नये तेही सांगते, कारण एकदा शिकलं की माणूस सगळीकडेच ०.५ घालायला लागतो. आपल्याकडचा साखर कारखाना घ्या. गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च, ऊस आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचा नियम, म्हणजे मोठी कॅश थंडीच्या महिन्यांत बाहेर जाते. साखर मात्र वर्षभर, महिन्याच्या कोट्याप्रमाणे विकली जाते. वर्षाचा नेट आकडा ५ कोटी दिसला तरी तो एक मोठी आवक आणि एक मोठी जावक यांची वजाबाकी असतो आणि दोन्हींची वेळ वेगळी असते, त्या ५ कोटींचा 'मध्य' असं काही नसतंच. अशा ठिकाणी मॅडम आम्हाला तिमाही फ्लो करायला लावायच्या, आवक वेगळी, जावक वेगळी. वेळ लागायचा, पण दुसरा मार्ग नाही. मिड-इयर घ्यायचं की नाही हे कळायला मी आता कंपनीची गेल्या दोन वर्षांची महिन्याची विक्री आणि वसुली मागून घेते आणि बघते की पहिल्या सहा महिन्यांत साधारण निम्मे पैसे येतात का. येत असतील तर ०.५, नसतील तर तिमाही.