पोराचा पहिला कॅमेरा घेताय? ४८ मेगापिक्सेलच्या नादी लागू नका, आणि बाकीच्याही या चुका टाळा

भाच्याला बारावं वर्ष लागलं तेव्हा मी मोठ्या हौसेने त्याला ऑनलाईन कॅमेरा मागवून दिला. निळा, हातात मावणारा, डब्यावर मोठ्या अक्षरात "४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम". दोन दिवस पोरगं अमळनेरच्या घरात सगळ्यांचे फोटो काढत फिरलं आणि तिसऱ्या दिवशी कॅमेरा कपाटात गेला. मला वाटलं आजकालच्या पोरांना कशातच गोडी नाही. नंतर कळलं गोडी होती, कॅमेराच नालायक होता, आणि तो घेणारा मामा त्याच्याहून थोडा जास्त.

झालं असं की शेतात कपाशीच्या पानावर त्याला एक काळी, पिवळसर नारिंगी ठिपक्यांची, काटेरी दिसणारी अळी दिसली. त्याने जवळ जाऊन आठ-दहा फोटो काढले आणि घरी आजीला दाखवले. आजी डोळे बारीक करून म्हणाली, "हाई काय शे भो? माले त काहीच दिसत नही." खरंच काही दिसत नव्हतं. मागची झाडं जेमतेम ओळखू येत होती आणि पान म्हणजे नुसता हिरवा धब्बा.

पहिली चूक: आकडा बघणं, फोकस न बघणं

मुलांचे म्हणून विकले जाणारे बहुतेक स्वस्त कॅमेरे फिक्स्ड फोकसचे असतात, म्हणजे लेन्स आत हलतच नाही, कारखान्यात एका अंतरावर बसवली ती बसवली. साधारण एक मीटरच्या पुढचं बरं येतं, त्याच्या आतलं सगळं धूसर. आता बारा वर्षाचं पोरगं काय बघतं याचा विचार करा, मुंगी, कुलूप, आजीच्या बांगडीची नक्षी, वांग्याचं फूल, सगळं वीतभर अंतरावरचं. निरीक्षणाचा खेळ म्हणजे जवळ जाणं, आणि हा कॅमेरा जवळ गेलं की आंधळा.

आणि ते ४८ मेगापिक्सेल? आमच्या कॅमेऱ्याच्या माहितीत अगदी तळाशी सेन्सर २ मेगापिक्सेलचा लिहिला होता. म्हणजे खरं एक टिपकं घ्यायचं आणि त्याच्यापासून चोवीस बनवायचे, जसं पातळ वरणात पाणी ओतून चोवीस जणांना वाढायचं. फाईल मोठी होते, दिसतं तेवढंच. १६ एक्स झूमचंही तेच, तो डिजिटल झूम होता, म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून ताणायचा. तुम्हाला हवा ऑप्टिकल झूम, ज्यात लेन्स खरोखर पुढे मागे सरकते. ३ एक्स ते ५ एक्स ऑप्टिकल असला तरी पोराला भरपूर झाला.

हे ओळखायला दोन मिनिटं लागतात. वर्तमानपत्र टेबलावर पसरा, वीतभर अंतरावरून छोट्या जाहिरातींच्या पानाचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा, अक्षरं वाचता आली पाहिजेत. मग रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीचा एक फोटो मेगापिक्सेलच्या सगळ्यात मोठ्या सेटिंगला आणि एक सगळ्यात लहान सेटिंगला काढा. दोन्हीत पाटीवरचा फोन नंबर सारखाच वाचता येत असेल किंवा सारखाच वाचता येत नसेल तर मोठा आकडा फुगवलेला आहे. विकणारा करू देत नसेल तर घेऊच नका.

मग घ्यायचं काय

माझं मत विचाराल तर जुना, वापरलेला साधा कॉम्पॅक्ट. पूर्वी घरोघरी असायचे तसले, कॅनन, सोनी, निकॉन कुठलाही, ऑटोफोकस आणि जवळचं काढायला फुलाचं चित्र असलेला मॅक्रो मोड एवढं बघायचं. १० ते १२ मेगापिक्सेल असले तरी खूप झाले. जुना मोबाईल सिम काढून देता येतो, फोटो बरे येतात, पण त्यात गेमही असतात आणि वायफायही, तुमच्या घरात काय होईल ते तुम्हाला माहीत.

वापरलेला घेताना मी स्वतः जिथे आपटलो तेवढंच सांगतो. कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा आणि कान देऊन ऐका. लेन्स बाहेर येताना करकर आवाज आला किंवा मध्येच अडकली तर आत रेती गेलीये, अशा कॅमेऱ्यावर आज ना उद्या लेन्स एरर येते आणि दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा महाग पडते. मोबाईलचा टॉर्च लेन्सवर तिरपा मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे.

बॅटरी आणि कार्ड आधी बघा, कॅमेरा नंतर. मी वापरलेला पहिल्यांदा जो आणला त्याला एक्सडी नावाचं कार्ड लागत होतं, ते कार्ड बनणंच बंद झालंय, मग कॅमेरा कितीही चकाचक असो. एसडी कार्डवाला घ्या. पण खूप जुन्या कॅमेऱ्याला २ जीबीच्या वरचं कार्ड कळत नाही, त्यानंतरच्यांना ३२ जीबीपर्यंत चालतं, ६४ घातलं की "कार्ड एरर". लोकांना वाटतं कॅमेरा बिघडला. बिघडला नाही, छोटं कार्ड घाला. आणि डबल ए सेलवर चालणारा असेल तर रिमोटमधले साधे सेल घालू नका, दहा-पंधरा फोटोत मान टाकतात. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचे चार सेल आणि चार्जर एकदाच घ्या.

मला शेवटी ५ एक्स ऑप्टिकलवाला, चार्जरसकट, साडेतीन हजारात मिळाला. सुटलो म्हटलं. पण भाच्याने पुन्हा ती अळी काढली आणि पुन्हा धूसर!

दुसरी चूक: झूम करून जवळ जाणं

यावेळी चूक कॅमेऱ्याची नव्हती. पोरगं झूम पूर्ण ताणायचं आणि मग पानाजवळ जायचं. साध्या कॉम्पॅक्टमध्ये जवळचा फोकस फक्त झूम पूर्ण मागे असतानाच लागतो, तेव्हा मॅक्रोमध्ये ५ सेंटीमीटरपर्यंत जाता येतं, काहींत त्याहूनही जवळ. झूम पुढे नेला की तेच अंतर अर्धा-एक मीटर होऊन बसतं. म्हणून नियम साधा, लांबचं असेल तर झूम, जवळचं असेल तर झूम मागे घेऊन फुलाचं बटण दाबायचं आणि पायाने पुढे जायचं.

दुसरं, तो बटण एकदम खटकन दाबायचा. बटणाला दोन पायऱ्या असतात. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस शोधतो, बीप वाजतो आणि चौकोन हिरवा होतो, मग पूर्ण दाबायचं. चौकोन पिवळा किंवा लाल लुकलुकत असेल तर फोकस लागलेला नाही, इंचभर मागे येऊन परत अर्धं दाबायचं. त्याला मी म्हटलं, "बीप ऐकल्याशिवाय पुढे दाबायचं नाही." तर म्हणे, "मामा, पण तोपर्यंत अळी पळाली तर?" म्हटलं ती कुठे पळतेय, ती जेवतेय.

आणि खरंच जेवत होती. चांगला फोटो आला तेव्हा दिसलं की ती पान खात नाहीये, पानाखालचा मावा खातेय. म्हणजे ढालकिड्याची अळी, शेतकऱ्याची मित्र. त्याने त्याच झाडाला सुतळी बांधून रोज एक फोटो काढला. दोन दिवसांनी अळी पानाला चिकटून आखडून बसली, त्याला वाटलं मेली. आठवड्याच्या आत तिथे रिकामं टरफल होतं आणि शेजारच्या पानावर एक लालसर ढालकिडा बसलेला. तोच होता का ते देव जाणे, पण पोराने टरफलाचेही सहा फोटो काढले.

तिसरी चूक: "जा, काहीतरी छान काढ" म्हणणं

असं म्हटलं की पोरं सूर्यास्त काढतात नाहीतर कुत्रं. खेळ द्या आणि त्याला बंधन घाला. आमच्याकडे तीन चालले.

पहिला, ओळखा पाहू. घरातल्या पाच वस्तूंचे वीतभर अंतरावरून फोटो काढायचे, पूर्ण वस्तू दिसता कामा नये, बाकीच्यांनी ओळखायचं. कोणालाच ओळखता आलं नाही तर फोटो काढणाराच हरला, मग त्याने एक पाऊल मागे जाऊन परत काढायचा. हा नियम घातला नाही तर पोरं मुद्दाम नुसता काळा धब्बा काढून आणतात. किसणी, पाट्याची टाकी, भाकरीचा पापुद्रा, भरतासाठी भाजलेल्या वांग्याची साल, हे सगळं आमच्याकडे होऊन गेलं. वांग्याची साल आजीने एका झटक्यात ओळखली.

दुसरा, चोवीसचा रोल. एका जागी उभं राहून चोवीस फोटो, एकही डिलीट करायचा नाही. पहिले आठ-दहा पटकन संपतात, मग पोरगं वैतागतं, "इथे अजून काही नाहीच." तिथून पुढचे बघा, खरी मजा त्यातच. डिलीट बंद ठेवायचं कारण हे की संध्याकाळी खराब फोटोही घेऊन बसता येतं आणि का हलला ते कळतं.

तिसरा सावलीचा. अंगणात काठी सरळ रोवायची आणि एकाच जागेवरून सकाळी सात, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी साडेपाचला फोटो. इथे कॅमेऱ्याचं घड्याळ नीट लावा, जुन्या कॅमेऱ्यात मोठी बॅटरी काढली की तारीख-वेळ परत मुळावर जाते आणि सगळे फोटो एकाच वेळेचे दिसतात. आपला खानदेश साधारण २१ अंश अक्षांशावर, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस भरदुपारी काठीची सावली बुडाशीच जिरते. तसाच दिवस परत जुलैच्या मध्याला येतो, पण तेव्हा ढग. फक्त मेमध्ये कॅमेरा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, बॅटरी फुगते.

पाऊस लागला की खेळ टेबलावर आणा. आपल्या चाळीसगावचे केकी मूस टेबलटॉप फोटोग्राफीसाठी ओळखले जायचे, टेबलावर मांडामांड करून त्याची अख्खी दृश्यं उभी करायचे. भाच्याने ताटात कोरडी माती, त्यावर हरभऱ्याच्या डाळीचा रस्ता आणि बाजूला कोथिंबिरीच्या काड्या उभ्या केल्या. फ्लॅश बंद ठेवला, खिडकीचा उजेड एका बाजूने घेतला आणि कॅमेरा डब्यावर टेकवून दोन सेकंदाचा टायमर लावला, म्हणजे बटण दाबताना हलत नाही. फोटोत ते खरंच शेत वाटलं. आजीने मात्र आधी विचारलं, "माझी डाळ कोण परत भरीन?"