बुधवारचं विमान स्वस्त असतं? तिकीट काढताना या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडे कोणी विमानाचं तिकीट काढायला बसलं की शेजारून एक सल्ला ठरलेला असतो: "बुधवारना दिन जाय भो, सस्तं पडस." सल्ला खोटा नाही. पण त्यावर डोळे झाकून सुट्टी टाकणाऱ्यांचं गणित बऱ्याचदा चुकतं, कारण विमान कंपनी वार बघून भाडं लावत नाही. ती बघते, त्या तारखेचं ते एक विमान किती भरेल आणि कोणत्या प्रकारच्या प्रवाशांनी भरेल. वार हा त्याचा फक्त ढोबळ अंदाज.

एकाच विमानातल्या इकॉनॉमीच्या जागा वेगवेगळ्या भावांच्या गटांत वाटलेल्या असतात. खालच्या भावाच्या थोड्या जागा, त्यावरच्या भावाच्या थोड्या, असं करत वर. मागच्या बुकिंगवरून अंदाज बांधून ठरवलं जातं की खालच्या भावाच्या किती जागा सोडायच्या. सोमवारी सकाळी मीटिंगला निघालेला माणूस दोन दिवस आधी तिकीट काढतो आणि महाग असलं तरी काढतो. त्याच्यासाठी जागा राखायच्या म्हणून सोमवारी सकाळी स्वस्त जागा मोजक्याच सुटतात. बुधवारी दुपारी तसा गिऱ्हाईक कमी. विमान तर उडवायचंच आहे, मग रिकामी खुर्ची नेण्यापेक्षा कमी भावात दिलेली बरी. बुधवार स्वस्त दिसतो तो एवढ्याचसाठी.

चूक पहिली: वार बघितला, दिशा आणि वेळ बघितली नाही

सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. समजा, मुलगा बंगळुरूला नोकरीला आहे आणि आईवडील भुसावळहून रेल्वेने मुंबईला येऊन पुढे विमानाने जाणार आहेत. शुक्रवारी संध्याकाळी बंगळुरूहून मुंबईकडे येणारी विमानं भरलेली असतात, कारण नोकरदार मंडळी घरी निघालेली असतात. हीच मंडळी रविवारी संध्याकाळी किंवा सोमवारी पहिल्या विमानाने परत जातात, तेव्हा मुंबईहून बंगळुरूकडे गर्दी. मधल्या शनिवारी दुपारी ना घरी येणाऱ्यांची घाई, ना कामावर जाणाऱ्यांची. त्यामुळे आईवडिलांसाठी शनिवार दुपारचं भाडं बऱ्याचदा बुधवारच्या जवळपास सापडतं, तेही कोणाची सुट्टी न मोडता. "शनिवार-रविवार महाग" हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. रविवारची संध्याकाळ महाग. शनिवारची दुपार तपासून बघावी.

खात्री करायची रीत सोपी आहे. एकाच आठवड्यातले सात वार ताडून थांबू नका. एकच विमान क्रमांक धरा आणि तीच तुलना पुढचे तीन-चार आठवडे करून बघा. चारही आठवडे बुधवार खाली असेल तर तो वाराचा गुण. एकाच आठवड्यात खाली असेल तर त्या तारखेला विमान रिकामं आहे, एवढंच.

चूक दुसरी: पाचही जणांचं तिकीट एकदम शोधलं

वाराची तुलना इथे पार फसते. एका बुकिंगमधल्या सगळ्यांना साधारणपणे एकाच भावगटातली जागा दिली जाते. खालच्या भावाच्या तीनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही पाच टाकले, तर पाचही जणांना वरचा भाव लागतो.

उदाहरणादाखल आकडे धरू. बुधवारी भरपूर जागा आहेत, भाव 4,000 रुपये, पाच जणांचे 20,000. शुक्रवारी पाच जण टाकल्यावर माणशी 5,500 दिसतात, म्हणजे 27,500. घरात चर्चा सुरू होते, बुधवारी गेलो तर साडेसात हजार वाचतात. पण शुक्रवारीच आधी एका माणसाचं, मग दोघांचं, मग तिघांचं शोधून बघितलं तर 4,300 चा भाव तिघांपर्यंत टिकतो आणि चौथ्याला उडी मारतो. तीन तिकिटं 4,300 ने आणि दोन 5,500 ने घेतली तर 23,900 होतात. खरा फरक 3,900 चा. साडेसात हजारांसाठी दोघांनी दोन दिवस रजा टाकायची तयारी केली असती, 3,900 साठी कदाचित नाही.

तिकिटं अशी तोडून घेताना मात्र लहान मुलाला मोठ्या माणसाच्याच बुकिंगमध्ये ठेवा. विमान रद्द झालं किंवा वेळ बदलली तर कंपनीच्या लेखी तुम्ही दोन वेगळे गट असता आणि दोघांना वेगळ्या विमानात टाकलं जाऊ शकतं, हेही लक्षात असू द्या.

चूक तिसरी: तिकीट काढण्याचा वार आणि निघण्याचा वार यांची गल्लत

मंगळवारी रात्री तिकीट काढलं की स्वस्त मिळतं, हा समज अजून फिरतो. भाव दिवसभर, जागा विकल्या जातील तसे बदलत असतात. मंगळवारची वाट बघत बसलात आणि तेवढ्यात खालच्या भावाच्या जागा संपल्या, तर नुकसान तुमचंच. फरक पडतो तो निघण्याच्या वारानं.

चूक चौथी: सणासुदीला नेहमीचा वार धरला

दिवाळीच्या आधी मुंबई-पुण्याहून घराकडे येणाऱ्यांची रांग लागते, तेव्हा मंगळवार-बुधवारही शुक्रवारसारखाच वागतो. उलट दिशेची विमानं त्याच दिवशी स्वस्त असू शकतात. सुट्टी गुरुवारी आली की बुधवारची संध्याकाळ महागते. 2024 साली 15 ऑगस्ट असाच गुरुवारी होता. 2026 चा 26 जानेवारी सोमवारी आला, तेव्हा परतीचा भार रविवारऐवजी सोमवार संध्याकाळवर सरकणार, हे कॅलेंडरवरूनच कळत होतं. परदेशी जाताना तिथली साप्ताहिक सुट्टी बघा. सौदीत ती शुक्रवार-शनिवार असते, म्हणून तिथली गुरुवार संध्याकाळ म्हणजे आपली शुक्रवार संध्याकाळ.

चूक पाचवी: फक्त विमानाचं भाडं मोजलं

खान्देशातून मुंबईला विमान पकडायचं तर रेल्वेचा हिशोब आधी. मधल्या वारांतही सगळ्यात स्वस्त विमान अनेकदा पहाटेचं किंवा मध्यरात्रीचं असतं. रात्रीच्या गाडीने कल्याण-ठाण्याला पहाटे उतरून सहाचं विमान मिळत नाही. आदल्या दिवशी जाऊन लॉजवर राहावं लागतं आणि वाचलेले पैसे तिथेच जातात. नंदुरबारकरांनी सुरत, धुळेकरांनी नाशिक, रावेर-मुक्ताईनगरकडच्यांनी इंदूरही तपासावं. वाराने जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त फरक कधी कधी विमानतळ बदलल्याने पडतो.

जळगावहूनच उडणार असाल तर बुधवारचा नियम जवळजवळ सोडूनच द्या. इथून छोटी एटीआर विमानं उडतात, सत्तरच्या आसपास जागांची, आणि प्रत्येक मार्गावर रोज विमान असेलच असं नाही. ज्या दिवशी विमान नाही त्या दिवसाचे प्रवासी आदल्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या विमानात शिरतात, मग तो बुधवार असला तरी. लग्नसराईत एका वऱ्हाडातले वीस जण बसले की खालच्या भावाच्या जागा एका दुपारीत संपतात. अशा वेळी आधी त्या मार्गाचे वार विचारा, मग त्यातल्या प्रत्येक तारखेचा एका माणसाचा भाव बघा, आणि आखाजीच्या किंवा मोठ्या मुहूर्ताच्या जवळची तारीख असेल तर तिकीट ठरल्याबरोबर काढून टाका.